फोटोतल्या पावलांचे किलोमीटर

साताऱ्यात राहणाऱ्या आईने संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर फिटनेस बँडचा फोटो पाठवला आणि त्यावर ८,४३२ हा आकडा दिसतो आहे, असं समजू. पुण्यातल्या मुलीला त्यावरून अंतर काढायचं आहे. आईची उंची ५ फूट २ इंच, वजन ६२ किलो.

गणित सोपं आहे. चालताना एका पावलाची लांबी साधारणपणे उंचीच्या ०.४१३ पट धरतात, पुरुषांसाठी ०.४१५. आईची उंची १५७.५ सेंटिमीटर, म्हणजे पाऊल ६५ सेंटिमीटरचं. ८,४३२ गुणिले ६५ सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ ५.५ किलोमीटर. इथे एक घोळ हमखास होतो. काही तक्त्यांमध्ये उजवा पाय टेकल्यापासून तोच पाय पुन्हा टेकेपर्यंतची, म्हणजे दोन पावलांची लांबी दिलेली असते. ती घेऊन गुणलं तर आई एकदम ११ किलोमीटर चाललेली दिसते!

पण त्याआधी आकडा नीट वाचला आहे ना, हे बघायला हवं. बँडचा पडदा सेकंदात अनेकदा उघडमीट करत असतो. डोळ्यांना ते कळत नाही, पण कॅमेऱ्याच्या झटपट टिपणीत अंकाची एखादी रेघ गायब होते. मग ८ चा ६ किंवा ० होतो. इथे ८,४३२ चे ६,४३२ वाचले गेले तर अंतरात थेट १.३ किलोमीटरचा फरक पडतो. उपाय म्हणजे लागोपाठ दोन-तीन फोटो काढायचे आणि बँडवरच्या अंतराचाही एक घ्यायचा. त्या मीटरांना पावलांनी भागून उत्तर ०.५ ते ०.८ च्या बाहेर गेलं, तर आकडा पुन्हा तपासावा.

उंचीवरचं सूत्र मात्र सरासरीचं आहे. सारख्याच उंचीच्या दोन बायकांची चाल सारखी नसते. गुडघा दुखत असेल तर पाऊल आखडतं. म्हणून एकदा मैदानावरच्या ४०० मीटरच्या ट्रॅकवर, अगदी आतल्या पट्ट्यातून, नेहमीच्या चालीने एक फेरी मारून पावलं मोजावीत. समजा ती ६४० भरली. म्हणजे पाऊल ६२.५ सेंटिमीटरचं आणि दिवसाचं अंतर ५.२७ किलोमीटर. घरातल्या घरात टाकलेली पावलं याहूनही तोकडी असतात, त्यामुळे दिवसभराचा आकडा ट्रॅकवरच्या मापाने गुणला तरी थोडा फुगतोच.

कॅलरींचा हिशेब अंतर आणि वजनावर चालतो. ताशी ५ किलोमीटरच्या सपाट चालीत दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला ०.७ कॅलरी खर्च होतात. ५.२७ गुणिले ६२ गुणिले ०.७, म्हणजे सुमारे २२९. यातल्या ६५ कॅलरी त्या तासाभरात नुसतं बसूनही खर्च झाल्याच असत्या. चालण्यामुळे जास्तीच्या गेल्या त्या १६० च्या आसपास. अनेक बँड दिवसभराच्या श्वास-हृदयाचा खर्चही त्यात मिळवतात. तसं आहे का, हे ओळखायचं असेल तर सकाळी उठल्या उठल्या, पाऊल टाकण्याआधी बँडवरचा कॅलरींचा आकडा बघावा. तो शेकड्यांत असेल, तर चालण्याचा हिशेब स्वतःच करावा लागेल.