भूक मेली तरी स्नायू जगायला हवेत

सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपेटाइडची इंजेक्शनं सुरू झाली की चार घासांतच पोट भरतं. वजन उतरतं, पण त्यात चरबीबरोबर स्नायूही झिजतात. म्हणून पहिला घास प्रथिनांचा हवा; पोळी-भात मागून.

समजा, एका बाईंचं वजन 84 किलो आहे आणि डॉक्टरांनी 65 किलोच्या हिशेबाने किलोमागे 1.2 ग्रॅम प्रथिनं ठरवली. म्हणजे रोज साधारण 78 ग्रॅम. सकाळी दोन अंडी (12 ग्रॅम), अकराला व्हे पावडरचा एक स्कूप (24), दुपारी 100 ग्रॅम पनीर (18), रात्री 30 ग्रॅम कोरड्या सोयावड्यांची भाजी (15) आणि वाटीभर घट्ट वरण (6). झाले 75, उरलेली पोळी-दह्यातून सहज मिळतात. मळमळीच्या दिवशी घोटघोट पातळ घ्यावं.

मात्र मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा चालत नाही. तो डॉक्टरच ठरवतील. शिवाय आठवड्यातून दोन-तीनदा वजनं किंवा रबरी पट्ट्यांचा व्यायाम हवाच, नुसत्या चालण्याने भागत नाही.

खुर्चीतून उठताना हातांचा आधार लागू लागला, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावं. ते डोस वाढवणं थांबवू शकतात.