एक लाख दोन हजार, उद्या अकरापर्यंत

"४ जूनअखेर आपल्या शॉर्ट ऑप्शन पोझिशनसाठी आवश्यक मार्जिन : ३,३०,००० रुपये. उपलब्ध मार्जिन : २,२८,००० रुपये. तूट : १,०२,००० रुपये. ही रक्कम ५ जून रोजी सकाळी ११ वाजेपर्यंत जमा करावी. तसे न झाल्यास आपली पोझिशन पूर्णतः वा अंशतः, वेगळी सूचना न देता स्क्वेअर ऑफ करण्यात येईल. त्यातून होणारा तोटा व दंड आपल्या खात्यावर टाकला जाईल."

ब्रोकरकडून येणारी मार्जिनची नोटीस साधारण अशा पाच-सहा ओळींची असते. वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो आणि बहुतेकांचा पहिला समज चुकीचा होतो : आपले एक लाख दोन हजार बुडाले. ते बुडालेले नसतात. मग ही रक्कम नेमकी कशाची, हे समजायला एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. त्यातला ग्राहक कल्पनेतला आहे, त्याचे मार्जिनचे आणि प्रीमियमचे आकडे सोयीसाठी गोल केले आहेत. बाजाराचे आकडे मात्र खरे आहेत.

२०२४च्या लोकसभा निवडणुकीचे एक्झिट पोल १ जूनच्या संध्याकाळी आले. सोमवारी, ३ जूनला निफ्टी ३.२५ टक्के उसळून २३,२६३.९० वर बंद झाला. आपल्या ग्राहकाने त्या दिवशी ६ जूनच्या एक्स्पायरीचे २२,५०० चे पुट विकले. भाव ९० रुपये. तेव्हा निफ्टीचा लॉट २५ चा होता. चार लॉट म्हणजे १०० नग, हाती आलेला प्रीमियम ९,००० रुपये. निफ्टी तीन दिवसांत साडेसातशे अंक खाली जाणार नाही, असा त्याचा हिशेब. या व्यवहारासाठी दोन लाख रुपये मार्जिन लागले. खात्यात दोन लाख चाळीस हजार होते : एक लाख वीस हजार रोख, आणि प्लेज केलेल्या शेअर्सचे, हेअरकट वजा जाता, तेवढेच. चाळीस हजारांची ऊब होती.

४ जूनला मतमोजणी झाली. निफ्टी ५.९३ टक्के कोसळून २१,८८४.५० वर बंद झाला. दिवसाच्या मध्यात तो याच्याही बराच खाली जाऊन आला होता. ९० रुपयांना विकलेला पुट समजा ६५० वर गेला. म्हणजे नगामागे ५६० आणि शंभर नगांवर ५६,००० रुपये कागदी तोटा. मग नोटिशीत १,०२,००० कुठून आले?

फ्युचर्समध्ये रोजचा नफा-तोटा रोख चुकता होतो. विकलेल्या ऑप्शनचे तसे नाही. तिथे तोटा रोज तुमच्या खात्यातून रोख वळता होत नाही, तो मार्जिनच्या मागणीत जाऊन बसतो. ही मागणी ठरवण्याची पद्धत म्हणजे स्पॅन. शिकागो मर्कंटाइल एक्स्चेंजने १९८८ मध्ये ती तयार केली आणि आपल्याकडेही तीच चालते. संगणक तुमच्या पोझिशनला सोळा काल्पनिक परिस्थितींत घालून पाहतो : भाव थोडा वर, बराच वर, थोडा खाली, बराच खाली, बाजाराची अस्थिरता वाढली, कमी झाली. या सोळांतल्या सर्वांत वाईट परिस्थितीत जो तोटा होईल, तेवढे पैसे तुमच्याकडे हवेत. त्यात विकलेला ऑप्शन आज परत घ्यायचा तर जी किंमत पडेल ती मिळवायची, आणि वर निर्देशांकाच्या ऑप्शनसाठी कराराच्या मूल्याच्या दोन टक्के एक्स्पोजर मार्जिन.

आता ४ जूनला काय झाले ते पाहा. मार्जिनची मागणी दोन लाखांवरून ३,३०,००० वर गेली, म्हणजे १,३०,००० ने वाढली. त्यातले ५६,००० हे पुट महागल्याचे. उरलेले ७४,००० हे उद्याच्या भीतीचे. काल बाजार बराच कोसळला तरच हा पुट दुखवणार होता. आज तो सहाशे अंकांनी 'इन द मनी' होता, त्यामुळे इथून पुढचा जवळपास प्रत्येक अंक खिशातून जाणार होता. त्याच दिवशी बाजार पडल्याने प्लेज केलेल्या शेअर्सची किंमतही एक लाख वीस हजारांवरून एक लाख आठ हजारांवर आली. मागणीतली वाढ १,३०,०००, तारणातली घट १२,०००, त्यातून आधीची ऊब ४०,००० वजा. उत्तर १,०२,०००.

ही बेरीज मी मुद्दाम सावकाश मांडली. पुट विकणाऱ्याने आपलेच शेअर तारण ठेवले असले, तर बाजार पडताच दोन्ही पारडी एकदम त्याच्याविरुद्ध झुकतात. गरज वाढते आणि तारण घटते, तेही एकाच दुपारी. शांत बाजारात हे दिसत नाही, म्हणून मोजले जात नाही.

तूट भरायची कशी, यातही एक अट दडलेली असते. मार्जिनचा किमान निम्मा भाग रोख किंवा रोखीसमान हवा. ३,३०,००० चे निम्मे १,६५,०००, आणि आपल्या ग्राहकाकडे रोख आहेत १,२०,०००. त्याने आणखी शेअर प्लेज करून पूर्ण तूट भरली तरी रोखीच्या बाजूला ४५,००० कमीच पडतात. ते ब्रोकर स्वतःच्या पैशातून लावतो आणि त्यावर व्याज घेतो. शिवाय पैसे ग्राहकाच्या स्वतःच्या, ब्रोकरकडे नोंदवलेल्या बँक खात्यातूनच यावे लागतात. ऐन वेळी बायकोच्या नाहीतर भावाच्या खात्यातून पाठवलेली रक्कम धरली जात नाही, ती परत जाते. तोवर घड्याळात अकरा वाजलेले असतात.

या अकराचेही नीट समजून घ्यायला हवे. हा काही कायद्याने दिलेला सवलतीचा काळ नाही, ती ब्रोकरच्या जोखीम विभागाने ठरवलेली वेळ. खाते उघडताना आपण ज्या जाड पुस्तिकेवर सह्या करतो, तिच्यात ग्राहक आणि ब्रोकर यांचे हक्क व कर्तव्ये दिलेली असतात. मार्जिन न भरल्यास ब्रोकर पोझिशन बंद करू शकतो आणि त्यातला तोटा ग्राहकाचा, हे तिथे स्पष्ट आहे. पूर्वसूचनेशिवाय पोझिशन बंद करण्याच्या हक्काबद्दलचे ब्रोकरचे धोरणही त्याच पुस्तिकेत सापडते. तोटा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तर अकराची वाट न पाहता साडेनऊलाच सौदा कापला जाऊ शकतो. त्याच मजकुरात ग्राहकाच्या बाजूची एक गोष्टही आहे : ही कारवाई देणे किंवा मार्जिन भागण्यापुरतीच व्हायला हवी. तूट दोन लॉट बंद करून भागत असेल, तर चारही लॉट का कापले, हा प्रश्न ग्राहकाने जरूर विचारावा. लोक तो विचारत नाहीत याचे मला वाईट वाटते, कारण त्याचे उत्तर साध्या वजाबाकीने तपासता येते.

ती वजाबाकी अशी. ५ जूनला अकरा वाजले, पैसे आले नाहीत. पुट समजा ५४० ला आहे. एक लॉट परत घेतला तर मार्जिनची मागणी पाव हिश्शाने उतरून सुमारे २,४७,००० होईल. पण तो लॉट विकत घ्यायला १३,५०० रुपये रोख गेले, म्हणून उपलब्ध रक्कमही २,१४,५०० वर आली. तूट उरलीच. दोन लॉट घेतले तर मागणी १,६५,००० आणि उपलब्ध २,०१,०००. इथे तूट मिटते. म्हणजे दोन लॉट कापणे रास्त, चार कापले तर खुलासा मागता येईल. त्यासाठी नोटिशीशेजारी त्या दिवसाचे मार्जिन स्टेटमेंट ठेवावे. ब्रोकर ते रोज पाठवतो आणि बहुतेक जण ते कधी उघडत नाहीत.

दंडाचेही असेच. तूट एक लाखाच्या आत आणि लागू मार्जिनच्या दहा टक्क्यांच्या आत असेल, तर दिवसाला अर्धा टक्का. यातली एक जरी मर्यादा गाठली तर एक टक्का. सलग तीन दिवसांपलीकडे तूट राहिली की पाच टक्के. आपल्या ग्राहकाला दिवसाचे १,०२० रुपये बसले असते. पण निफ्टी एका दिवसात, बंद भाव ते बंद भाव, तीन टक्के किंवा जास्त हलल्यामुळे तूट आली असेल, तर ती त्यानंतरच्या दुसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत टिकली तरच दंड लागतो. ४ जूनची हालचाल जवळजवळ सहा टक्क्यांची होती. तेव्हा ५ जूनच्या तारखेने दंड लावलेला दिसला, तर तो कोणत्या नियमाखाली, हे लेखी विचारायला हवे. अपफ्रंट मार्जिन कमी घेतल्याचा दंड ब्रोकरने ग्राहकाच्या माथी मारू नये, हाही बाजाराचा सर्वसाधारण नियम आहे. चेक परत जाणे किंवा हेज मोडल्याने मार्जिन वाढणे, असे काही अपवाद आहेत.

या शेवटच्या अपवादात बरेच जण स्वतःच्या हाताने सापडतात. विकलेल्या पुटच्या खाली आणखी एक पुट विकत घेऊन ठेवला असेल, तर तोटा ठरावीक रकमेत बांधला जातो आणि मार्जिनही कमी लागते. बाजार कोसळला की हा विकत घेतलेला पुट नफ्यात दिसतो. तो विकून तूट भरू, असे वाटते. तो विकताच उरलेला सौदा उघडा पडतो आणि तूट काही पटींनी वाढते. बाहेर पडायचे तर आधी विकलेला पाय बंद करायचा, मग विकत घेतलेला.

आपल्या ग्राहकाचे पुढे काय झाले? दोन लॉट ५४० ला बंद झाले. नगामागे ४५० प्रमाणे पन्नास नगांवर २२,५०० रुपयांचा तोटा पक्का झाला. त्याच दिवशी निफ्टी २२,६२०.३५ वर आणि ६ जूनला, म्हणजे एक्स्पायरीला, २२,८२१.४० वर बंद झाला. २२,५०० चा पुट शून्य झाला. उरलेल्या दोन लॉटवरचा ४,५०० रुपयांचा प्रीमियम राहिला, आणि एकूण १८,००० रुपये गेले. वेळेत पैसे भरले असते तर पूर्ण ९,००० हाती राहिले असते.

अशा वेळी ग्राहक ब्रोकरला दोष देतो, आणि त्याची हळहळ खरी असते. पण ५ जूनच्या सकाळी निफ्टी एकदा आदल्या दिवसाच्या बंद भावाच्याही खाली उतरला होता. तिथून तो आणखी हजार अंक घसरला असता, तर या शंभर नगांवर साधारण एक लाखाचा तोटा वाढला असता. पैसे भरून सौदा चालू ठेवणाऱ्याने त्या सकाळी ९,००० रुपयांसाठी ही जोखीम नव्याने पत्करली असती.