सरकत्या जिन्यांचा हिशेब: गर्दीची पाच मिनिटे

सरकत्या जिन्याची क्षमता म्हणजे एका तासात त्यावरून किती माणसे जाऊ शकतात तो आकडा. कागदावर तो काढणे सोपे आहे. मोठ्या मॉलमधल्या नेहमीच्या जिन्याची पायरी एक मीटर रुंद आणि चाळीस सेंटिमीटर खोल असते, आणि ती सेकंदाला अर्धा मीटर सरकते. म्हणजे दर सेकंदाला सव्वा पायरी पुढे येते. प्रत्येक पायरीवर दोन माणसे धरली, तर तासाला ९,००० माणसे होतात. उत्पादकांच्या जुन्या माहितीपत्रकांत हाच आकडा असे.

प्रत्यक्षात तेवढी माणसे कधीच जात नाहीत. जिन्यासमोर रांग लागलेली असली तरी पायऱ्या रिकाम्या सुटतात. कुणी पाय टाकण्याआधी क्षणभर थबकते, कुणी लहान मुलाचा हात धरून योग्य पायरीची वाट पाहते, आणि अनोळखी माणसाला खेटून उभे राहणे बहुतेकांना नको असते. म्हणून ईएन ११५ या युरोपीय मानकात याच जिन्याची कमाल क्षमता तासाला ६,००० धरली आहे, म्हणजे मिनिटाला शंभर. वेग वाढवूनही फारसे साधत नाही. अर्ध्या मीटरऐवजी सेकंदाला ०.६५ मीटर वेग ठेवला, तर वेग तीस टक्क्यांनी वाढतो, पण मानकातली क्षमता ७,३०० पर्यंतच, म्हणजे सुमारे बावीस टक्क्यांनी वाढते. जिना जितका वेगाने सरकतो तितके लोक त्यावर पाय टाकायला बिचकतात. मॉलमध्ये तर हातात पिशव्या, कडेवर मूल आणि सोबत आजीआजोबा असतात. तिथे मानकातला आकडाही पूर्ण धरू नये. पुढच्या उदाहरणात तो सत्तर टक्के, म्हणजे मिनिटाला सत्तर माणसे, एवढा धरला आहे.

यानंतर गर्दी मोजायची. इथेच बहुतेक आराखडे चुकतात, कारण ते दिवसभराच्या किंवा तासाच्या सरासरीवर उभे असतात. मॉलमधली गर्दी तासभर एकसारखी वाहत नाही. चित्रपट सुटला की ती एकदम येते. म्हणून हिशेब सर्वांत गर्दीच्या पाच मिनिटांचा करायचा.

एक कल्पित संकुल घेऊ. तळमजला आणि वर तीन मजले आहेत, तिसऱ्या मजल्यावर मल्टिप्लेक्स आणि खाद्यदालन आहे, आणि प्रत्येक मजल्यावरून खाली यायला एकच जिना आहे. रविवारी संध्याकाळी दोन पडद्यांवरचे खेळ जवळजवळ एकाच वेळी सुटतात आणि पाचशे प्रेक्षक बाहेर पडतात. त्यातले शंभर लिफ्टने जातात किंवा खायला थांबतात. उरलेल्या चारशेंपैकी तीनशे पहिल्या पाच मिनिटांत जिन्याकडे येतात, म्हणजे मिनिटाला साठ. खाद्यदालनातून उतरणारे पंधरा मिळवले की मागणी पंच्याहत्तर होते. जिना मिनिटाला सत्तर जणांना नेतो. पाच मिनिटांत पंचवीस माणसांची रांग लागेल, ती वरच्या प्रशस्त दालनात उभी राहील आणि पुढे लवकरच ओसरेल. इथवर काही बिघडत नाही.

खरी अडचण दुसऱ्या मजल्यावर येते. वरचा जिना तिथे मिनिटाला सत्तर माणसे आणून सोडतो, आणि त्या मजल्यावरच्या दुकानांतून आणखी वीस जण खाली जायला येतात. नव्वद जणांना उतरायचे आहे, पुढचा जिना सत्तरच नेतो. दर मिनिटाला वीस माणसे तुंबतात. जिन्याच्या टोकाशी मोकळ्या जागेची खोली, कठडा संपतो तिथून, किमान अडीच मीटर ठेवावी, असे मानक सांगते. दोन जिन्यांच्या मध्ये समजा आठ चौरस मीटर जागा आहे. चौरस मीटरला दोन माणसे या बेताने तिथे सोळा जण सुखाने उभे राहू शकतात. ही जागा मिनिटभरातच भरते, आणि वरचा जिना मात्र थांबत नाही.

सरकत्या जिन्याचा हा गुण साध्या जिन्याहून वेगळा आणि धोक्याचा आहे. साध्या जिन्यावर पुढे अडले की मागचे आपोआप थांबतात. इथे यंत्र माणसांना पुढे ढकलतच राहते. उतरणाऱ्याला पाय ठेवायला जागा नसेल, तर तो दातेरी पट्टीशीच अडखळतो आणि मागचे त्याच्यावर कोसळतात. म्हणून मधे बाहेर पडायची वाट नसलेल्या सलग जिन्यांत पुढच्या जिन्याची क्षमता मागच्यापेक्षा कमी नसावीच, आणि वाटेत माणसे मिळत असतील तर ती अधिक असावी. रांग लागायचीच असेल तर ती जिन्यावर चढण्याआधी लागावी, उतरल्यावर नव्हे.

पहिल्या मजल्यावर आणखी वीस जण मिळतात असे धरले, तर सर्वांत खालच्या टप्प्याची मागणी एकशे दहा होते. म्हणजे खालच्या दोन्ही टप्प्यांना उतरणारे दोन-दोन जिने हवेत आणि सर्वांत वर एक पुरतो. दुसरा जिना बसवायला जागा नसेल, तर चढणारा एखादा जिना खेळ सुटण्याच्या वेळी उतरता करता येतो. ते काम प्रशिक्षित कर्मचाऱ्याने, जिना पूर्ण रिकामा करून आणि दोन्ही टोके अडवूनच करायचे असते. खालच्या दोनांपैकी एक जिना दुरुस्तीसाठी बंद असेल, त्या दिवशी वरच्या जिन्यावर सोडली जाणारी माणसेही कमी करावी लागतात. सर्वांत स्वस्त उपाय मात्र वेळापत्रकात आहे. दोन मोठ्या पडद्यांच्या खेळांत पंधरा-वीस मिनिटांचे अंतर ठेवले, तर ही लाट दोन लहान लाटांत विभागली जाते.

किराण्याचे मोठे दुकान तळघरात किंवा वरच्या मजल्यावर असेल, तर ट्रॉलीसाठी उतरता सरकता पट्टा लागतो. त्याचा उतार बारा अंशांहून जास्त ठेवता येत नाही. पाच मीटर उंची चढायला तीस अंशांच्या जिन्याला जमिनीवर नऊ मीटरांहून थोडी कमी लांबी लागते. पट्ट्याला साडेतेवीस मीटर लागते, टोकांची जागा वेगळीच. क्षमतेचा फरक त्याहून मोठा आहे. ट्रॉल्या आल्या की क्षमता सुमारे ऐंशी टक्क्यांनी घटते, असे मानक सांगते. म्हणजे मिनिटाला शंभरांच्या जागी वीसच माणसे. एक मीटरहून अधिक रुंद पट्टा घेतल्यानेही क्षमता वाढलेली धरत नाहीत, कारण प्रत्येकाला कठडा धरता आला पाहिजे. तेव्हा अशा दुकानाच्या पट्ट्याची संख्या माणसांवरून नव्हे, तर बिल करून मिनिटाला बाहेर पडणाऱ्या ट्रॉल्यांवरून ठरवायची. आगीच्या वेळी सुटकेचा मार्ग म्हणून जिना आणि पट्टा दोन्ही हिशेबात धरत नाहीत. त्यासाठी पक्के जिने वेगळे असतात.

संकुल सुरू झाल्यावर हिशेब पडताळता येतो. सणाच्या आधीच्या रविवारी खेळ सुटताना प्रत्येक टोकाशी उभे राहून दर मिनिटाची माणसे मोजावीत. जिन्यावरून उतरलेली माणसे दोन पावलांतच थांबू लागली, बाजूला सरकून वाट काढू लागली, की जागा अपुरी पडते आहे असे समजावे. पुष्कळदा दोष जिन्याच्या संख्येत नसतो. आराखड्यात मोकळी ठेवलेली टोकाची जागा नंतर आइस्क्रीमच्या गाड्याला, मोबाइलच्या स्टॉलला किंवा जाहिरातीच्या फलकाला भाड्याने दिलेली असते. उदाहरणातल्या आठ चौरस मीटरांत दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद स्टॉल ठेवला, तर पाव जागा जाते. समोर उभ्या राहणाऱ्या गिऱ्हाइकांनी आणखी तेवढीच जाते. ही जागा भाड्याने देण्याची नाहीच.