एका टेबलाची ऑर्डर, एकाच वेळी

चेन्नईच्या अण्णा नगरातलं टिफिन हॉटेल, सकाळची गर्दी. चौघांच्या टेबलाची ऑर्डर येते: पोंगल, इडली, मेदूवडा, घी रोस्ट डोसा. केओटीवर, म्हणजे स्वयंपाकघरात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, टेबल नंबर आणि वेळ. प्रती तव्याकडे, कढईकडे आणि पासवर.

पास म्हणजे स्वयंपाकघर आणि वाढपी यांच्यामधला ओटा. सगळा मेळ इथेच बसतो. पोंगल-इडली गरम तयारच असतात, वड्याला चार-पाच मिनिटं लागतात, डोशाला साधारण तीन. म्हणून पासवरचा माणूस आधी वडे सोडायला सांगतो, मिनिट-दोन मिनिटांनी तव्याला आवाज देतो. पोंगल-इडली अगदी शेवटी ताटलीत.

क्रम चुकला की पहिला फटका डोशाला. ताटलीत थांबला की वाफ खाली कोंडते, तळ ओलसर होतो, कुरकुरीत कड वाकते. तो पुन्हा शेकला तर चिवट होतो. त्यापेक्षा नवा घालावा.