बोलण्याआधी पगार विचारावा

मंडळी, 2023 साली निघालेली तलाठी भरतीची जाहिरात तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. तीत जागा किती, पात्रता काय, हे जसं छापलं होतं, तसंच पगाराचंही होतं : 25,500 ते 81,100. शिक्षक मंडळींना तर हे सांगायलाच नको. शिक्षणसेवकाला प्राथमिक शाळेत 16,000, माध्यमिक शाळेत 18,000, हा आकडा अर्ज भरण्याआधीच गावातल्या पारावर माहीत असतो. सरकारी जागेत वेतनश्रेणी आधी आणि परीक्षा मागाहून, हीच रीत आपल्या अंगवळणी पडलेली.

पण आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातली आता किती तरी मुलं सरकारी जागेच्या मागे नाहीत. कुणी सुप्याच्या एमआयडीसीत आहे, कुणी नगरच्या, कुणी रांजणगाव-चाकणला. तिथली रीत उलटी आहे. मुलानं आपला बायोडाटा नोकरीच्या एखाद्या संकेतस्थळावर टाकलेला असतो. एक दिवस फोन येतो. "आमच्याकडे चाकणला एक ओपनिंग आहे. उद्या टेलिफोनिक राउंड करू या. तुमचा आत्ताचा पगार किती? अपेक्षा किती? नोटीस पिरियड किती?" समोरच्यानं तीन प्रश्न विचारले. मुलाच्या मनात मात्र एकच प्रश्न असतो, आणि तोच विचारायला जीभ रेटत नाही. त्या जागेचा पगार किती?

जाहिरातीत पाहावं, तर पगाराच्या जागी बहुतेक वेळा Not disclosed असं लिहिलेलं. म्हणजे सांगितलेला नाही. ठरलेला नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. हा फरक ध्यानात घ्या, कारण सारं इथंच आहे.

कंपनी जेव्हा माणूस शोधण्याचं काम एखाद्या कन्सल्टन्सीला देते, तेव्हा नुसतं "एक इंजिनिअर पाहिजे" असं सांगत नाही. कामाचं स्वरूप, अनुभव किती वर्षांचा, कारखाना कुठं, माणूस कधीपर्यंत हवा, आणि या जागेसाठी वर्षाला किती पैसे मंजूर आहेत, हे सगळं ती देते. या मंजूर रकमेला त्या धंद्यात 'बजेट' म्हणतात आणि तिच्या खालच्या-वरच्या टोकांना 'रेंज'. तेव्हा फोन करणाऱ्या बाईंच्या किंवा साहेबांच्या पुढ्यात बहुधा तो आकडा असतोच. तो झाकून ठेवण्याची कारणंही साधी आहेत. एक तर जुन्या कामगारांना कळलं, की नव्याला आपल्यापेक्षा जास्त मिळतोय, तर कारखान्यात कुरबूर होते. आणि दुसरं, मुलानं आपल्या तोंडानं कमी आकडा सांगितला, तर कंपनीचे पैसे वाचतात. तीस हजारांची जागा आणि मुलगा म्हणतो, "बावीस मिळाले तरी चालतील." मग त्याला तीस कोण देणार?

तुम्ही म्हणाल, विचारलं आणि त्यांना राग आला तर? आता कन्सल्टन्सीवाल्याचा हिशेब बघा. त्याला पैसे कंपनीकडून मिळतात, आणि मुलगा कामावर रुजू झाला तरच मिळतात. वर्षाच्या पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, हा त्यांच्यात बराच रूढ असलेला दर. चार मुलाखती झाल्या, पत्र निघालं, आणि मुलगा म्हणाला, "एवढ्यात मला परवडत नाही," तर त्याचे पंधरा-वीस दिवस पाण्यात गेले. म्हणून जाणता माणूस या प्रश्नावर रागावत नाही. रागावलाच, तर त्यातूनही तुम्हाला काही कळलंच की. (आणि जो उलट तुमच्याकडूनच नोंदणीचे पैसे मागतो, त्याचा तर फोनच ठेवावा. ती भरती नव्हे.)

आता विचारायचं कसं? फोन आला, की तिथल्या तिथं आकड्यात शिरू नये. "कामावर आहे, कामाचा तपशील व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, मी लगेच कळवतो," एवढं बोलावं. यंत्राच्या खडखडाटात शिफ्टवर उभ्या उभ्या पगाराची बोलणी होत नसतात. मग तपशील वाचून असा काहीसा निरोप धाडावा :

"नमस्कार मॅडम. काम माझ्या अनुभवाशी जुळतं आहे. बोलण्याआधी या जागेसाठी कंपनीनं ठरवलेली पगाराची रेंज कळवाल का? वार्षिक सीटीसी किती आणि त्यात फिक्स्ड किती, हे कळलं तर बरं. जुळत असेल तर उद्या संध्याकाळी 6 नंतर मी मोकळा आहे."

यात अर्ज-विनंतीचा सूर नाही आणि अरेरावीही नाही. काम पाहिलं आहे, हे पहिल्या वाक्यात आलं. 'कंपनीनं ठरवलेली' या शब्दांनी, रेंज असते हे मला ठाऊक आहे, असं कळतं. आणि शेवटी वेळ दिल्यामुळे टाळाटाळ वाटत नाही.

उत्तर मात्र दर वेळी सरळ येईलच असं नाही. "कंपनीच्या नियमाप्रमाणे," "इंटरव्ह्यूवर अवलंबून," ही नेहमीची उत्तरं. तेव्हा एकदाच, शांतपणे म्हणावं, "नक्की आकडा नको, कमीत कमी आणि जास्तीत जास्त सांगा." कधी कधी त्या बिचाऱ्या मुलीला खरंच माहीत नसतं. ती नवी असते, तिला फक्त यादी दिलेली असते. तिला म्हणावं, "वरिष्ठांना विचारून कळवा, मी थांबतो." आणि "आधी तुमची अपेक्षा सांगा," असं आलं तर? आत्ताचा पगार सांगण्याची घाई करू नये. "रेंज कळली की त्यात माझं कुठं बसतं ते लगेच सांगतो," असं म्हणावं. अगदीच अडलं, तर एक आकडा न सांगता आपणच रेंज सांगावी, आणि तिचं खालचं टोक आपल्याला खरोखर परवडणारं असावं. कारण समोरचा खालचंच टोक धरून बसतो. "दोन ते सहा लाख" अशी ऐसपैस रेंज आली, तर ती न सांगितल्यासारखीच समजा आणि विचारा, की पाच वर्षं अनुभवाच्या माणसाला यातलं साधारण कुठलं मिळतं.

पण आकडा कळला म्हणजे काम संपलं का? नाही. आकडा वाचता आला पाहिजे. एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, पण हिशेब असाच होतो.

पारनेर तालुक्यातला एक मुलगा. मेकॅनिकलचा डिप्लोमा, सुप्याच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात पाच वर्षं. घरी राहतो, कंपनीच्या बसनं जातो, महिन्याला हातात 27,000 येतात. त्याला चाकणच्या जागेची रेंज कळवली गेली : वर्षाला 4 लाख 20 हजार ते 5 लाख 40 हजार सीटीसी, त्यात दहा टक्के व्हेरिएबल. घरातले हरखून गेले. मधला आकडा 4 लाख 80 हजार, म्हणजे महिन्याला 40,000! तेरा हजारांची वाढ!

आता सीटीसी म्हणजे पगार नव्हे. त्या माणसापायी कंपनीला पडणारा एकूण खर्च म्हणजे सीटीसी. 40,000 मधून आधी कंपनीचा प्रॉव्हिडंट फंडाचा वाटा 1,800 काढा. मूळ पगार 22,000 धरला, तर ग्रॅच्युइटीपोटी त्याचे 4.81 टक्के, म्हणजे जवळपास 1,060. विम्याचा हप्ता 500. व्हेरिएबलचे 4,000, जे वर्षाअखेरी कंपनीचं आणि तुमचं काम बघून मिळतील, कदाचित पूर्ण मिळणारही नाहीत. राहिले 32,640. यातून मुलाचा स्वतःचा फंडाचा वाटा 1,800 आणि व्यवसाय कर 200 गेला. हातात 30,640. फंडात जाणारे पैसे आपलेच, हे खरं. पण तो फंड सुप्यालाही कापला जातोच, त्यामुळे तुलनेत त्यानं फरक पडत नाही.

पुढं आणखी बघा. चाकणला खोलीचे त्याच्या वाट्याचे 5,000, मेसचे 3,500, आणि सुट्टीला शिक्रापूरवरून गावी येण्याजाण्याचे 500, असे 9,000 धरू. म्हणजे आज घरी बसून 27,000 मिळतात त्याची बरोबरी व्हायलाच तिथं हातात 36,000 पडले पाहिजेत. हाच हिशेब वरच्या टोकाला लावला, 5 लाख 40 हजारांना, तरी हातात 35,000 च्या आसपासच येतात. आणि वरचं टोक सहसा कुणी पहिल्या दिवशी देत नाही.

हे दोन निरोपांत कळलं. एरवी कसं झालं असतं? टेलिफोनिक राउंड, मग चाकणला प्रत्यक्ष मुलाखत, त्यासाठी एक खाडा, कदाचित दुसऱ्या फेरीला दुसरा. दोन खाडे म्हणजे दोन दिवसांचा पगार, आणि हजेरीचा बोनस असेल तर तोही गेला. सुपरवायझरच्या डोळ्यांत आला तो वेगळाच. आणि शेवटी हातात पत्र पडल्यावर, एवढी धावपळ झाली म्हणून, मुलगा नुकसानीचा सौदा मान्य करून टाकतो. असं पुष्कळदा होतं.

सगळ्यांना हे सारखं लागू नाही, तेही सांगतो. नुकताच आयटीआय किंवा डिप्लोमा झालेल्या मुलाची जागा बहुधा एका ठरलेल्या आकड्याची असते. तिथं रेंज नसते, नुसतं "स्टायपेंड किती, किती महिने, आणि पगारपत्रक कंपनीचं की ठेकेदाराचं" हे विचारावं. या तिसऱ्या प्रश्नाला फार महत्त्व आहे. नाव मोठ्या कारखान्याचं आणि पगार ठेकेदाराचा, हे आपल्या मुलांना रुजू झाल्यावर कळतं. आणि ज्याच्या हाती आज नोकरीच नाही, त्यानं रेंज न कळताही फोनवर बोलायला हरकत नाही. मात्र कामाची चर्चा सुरू झाली, की पहिल्या दोन-चार मिनिटांतच विचारावं.

परदेशात काही ठिकाणी हे उमेदवाराच्या धिटाईवर सोडलेलं नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात 2021 पासून जाहिरातीतच पगाराची रेंज द्यावी लागते. युरोपीय संघानं 2023 साली असा निर्देश काढला, की मुलाखतीआधी उमेदवाराला पगार किंवा रेंज कळली पाहिजे, आणि त्याचा मागचा पगार विचारता कामा नये. सदस्य देशांना तो आपल्या कायद्यात आणायला 7 जून 2026 ही मुदत घातली होती. आपल्याकडे खासगी कंपन्यांवर असं बंधन नाही. कन्सल्टन्सीवाल्यानं नाही सांगितलं, तर कुठं तक्रार करता येत नाही. आपल्या हाती आहे तो फक्त प्रश्न, आणि उत्तर न आल्यास फोनला न बसण्याची मोकळीक.

आपल्या पारनेरच्या मुलानं काय करावं? गप्प बसू नये. "धन्यवाद मॅडम. ही रेंज मला जुळत नाही. याच कामाची सहा लाखांच्या आसपासची जागा निघाली, तर जरूर कळवा," असं लिहावं आणि तो निरोप जपून ठेवावा. तीच बाई चार महिन्यांनी दुसऱ्या कंपनीसाठी माणूस शोधत असते, आणि तेव्हा हा आकडा तिच्या यादीत लिहिलेला असतो.