खोक्यावरचा '१२०' आणि पडद्याचा खरा वेग

दुकानाच्या भिंतीवर ५५ इंची दोन टीव्ही शेजारी शेजारी लावलेले असतात. दोन्ही फोर-के. एकाच्या पाटीवर 'मोशन रेट १२०', दुसऱ्याच्या पाटीवर '१२० हर्ट्‌झ'. किमतीत मात्र चांगलाच फरक. आकडा सारखाच दिसल्यावर गिऱ्हाइकाचा हात स्वस्त टीव्हीकडे वळणारच. पण पहिल्या टीव्हीचा पडदा बहुधा सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलतो.

पॅनल सेकंदाला किती वेळा नवे चित्र उमटवू शकते, तो त्याचा मूळ, म्हणजे नेटिव्ह रिफ्रेश रेट. ६० हर्ट्‌झच्या पडद्यावर एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते, १२० हर्ट्‌झच्या पडद्यावर ८.३. तेवढा वेळ चित्र जागच्या जागी थांबलेले असते, पण सीमारेषेकडे धावणाऱ्या चेंडूमागे आपली नजर सरकत राहते. म्हणून चेंडू फरफटल्यासारखा पुसट दिसतो. चित्र जितके कमी वेळ थांबेल तितका हा पुसटपणा कमी.

तो कमी करण्याचे आणखीही उपाय आहेत. दोन चित्रांच्या मध्ये पडद्यामागचा दिवा क्षणभर विझवता येतो किंवा टीव्हीतला प्रोसेसर मधली चित्रे स्वतः तयार करून घालू शकतो. दोन्ही उपाय खरे आहेत, पण दिवा विझवल्याने पडदा थोडा मंद होतो आणि बनवलेल्या चित्रांत कधीकधी चेंडूभोवती तुटक कडा दिसतात. कंपन्या या उपायांचा हिशेब मूळ वेगात मिसळतात आणि आलेल्या मोठ्या आकड्याला स्वतःचे नाव देतात. सॅमसंगचा मोशन रेट साधारण मूळ वेगाच्या दुप्पट असतो. सोनीच्या २०१७ सालच्या एक्स९००ई टीव्हीवर मोशनफ्लो ९६० लिहिलेले होते आणि पॅनल होते १२० हर्ट्‌झचे, म्हणजे आठपट. एका कंपनीच्या आकड्याची दुसरीच्या आकड्याशी तुलना करावी, तर तशी सामाईक मोजपट्टीच नाही.

अमेरिकेत हा वाद कोर्टात गेला. 'इफेक्टिव्ह रिफ्रेश रेट' या नावाखाली फुगवलेले आकडे छापल्याचा आरोप कॅलिफोर्नियातल्या ग्राहकांनी विझिओ कंपनीवर केला. कंपनीने दोष मान्य केला नाही, पण ३० लाख डॉलर देऊन तडजोड केली.

क्रिकेटचा सामना घेतला की मूळ वेगातला फरक नीट कळतो. आपल्याकडे सेट-टॉप बॉक्सवरचे एचडी प्रक्षेपण ५० हर्ट्‌झचे असते, म्हणजे टीव्हीला सेकंदाला ५० चित्रे दाखवायची असतात. ६० हर्ट्‌झचे पॅनल त्यासाठी ५० च्या वेगाने चालते. मग मधे नवे चित्र घालायला जागाच उरत नाही; पाटीवर काहीही लिहिलेले असो. १२० हर्ट्‌झचे पॅनल १०० च्या वेगाने चालू शकते आणि प्रत्येक दोन चित्रांमध्ये एक बनवलेले चित्र बसवू शकते. सिनेमाचे गणित वेगळे. तो सेकंदाला २४ चित्रांचा. १२० ला २४ ने पूर्ण भाग जातो आणि प्रत्येक चित्र पाच वेळा दिसते. ६० मध्ये एक चित्र तीनदा, पुढचे दोनदा अशी विषम वाटणी करावी लागते. त्यामुळे कॅमेरा संथपणे फिरताना चित्र हलके हिसके खाते. रोजच्या मालिका आणि बातम्या पाहणाऱ्या घराला मात्र ६० हर्ट्‌झ पुरतात.

अलीकडे आणखी एक पाटी दिसू लागली आहे: '१२० हर्ट्‌झ डीएलजी'. डीएलजी म्हणजे ड्युअल लाइन गेट. यात ६० हर्ट्‌झचेच पॅनल दोन-दोन ओळी एकदम उजळवून वेग दुप्पट करते. वेग खरोखर मिळतो, पण उभ्या दिशेचा तपशील निम्मा होतो. गेम खेळणाऱ्याला हा सौदा परवडेल. फोर-के १२० हर्ट्‌झ मिळेल म्हणून घेणाऱ्याला परवडणार नाही.

खात्री करायची तर खोक्यावरची पाटी सोडून कंपनीच्या संकेतस्थळावर नेमका मॉडेल क्रमांक शोधावा. तिथल्या तांत्रिक तक्त्यात नुसता 'रिफ्रेश रेट' किंवा 'नेटिव्ह' असा रकाना असतो. 'मोशन', 'क्लिअर', 'इफेक्टिव्ह' असे शब्द जोडलेला आकडा धरू नये. एचडीएमआयच्या रकान्यात फोर-के १२० हर्ट्‌झ स्वीकारणारे पोर्ट आहे का, तेही पाहावे. टीव्ही घरी आल्यावर १२० हर्ट्‌झ देऊ शकणारा लॅपटॉप जोडून विंडोजच्या प्रगत डिस्प्ले सेटिंगमध्ये फोर-के रिझोल्यूशन ठेवावे आणि वेगांची यादी उघडावी. केबल आणि पोर्ट योग्य असूनही यादी ६० वर संपली, तर बहुधा पॅनलही तिथेच संपते. १२० दिसले तरी डीएलजीची शंका उरते. अशा वेळी एकेका पिक्सेलच्या काळ्या-पांढऱ्या आडव्या रेघांचे चित्र आधी ६० वर आणि मग १२० वर लावावे. १२० वर रेघा एकमेकींत मिसळून राखाडी किंवा जाड दिसू लागल्या, तर पडदा दोन-दोन ओळी एकत्र दाखवतो आहे. माल परत करण्याची मुदत संपण्याआधी एवढे करून घ्यावे.