गोळीवरचे १२५० आणि पोटात जाणारे ५००

कॅल्शियमच्या गोळ्यांच्या पट्टीवर बहुधा दोन आकडे छापलेले असतात. पहिल्या ओळीत ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम’ असते आणि खालच्या ओळीत ‘इक्विव्हॅलंट टू एलिमेंटल कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम’. दोन्ही आकडे एकाच गोळीचे असून दोन्ही बरोबर आहेत. पहिला आकडा गोळीत घातलेल्या संयुगाचे वजन सांगतो, तर दुसरा त्या संयुगात कॅल्शियम हे मूलद्रव्य किती आहे ते सांगतो. शरीराची रोजची गरज मूलद्रव्यात मोजतात आणि डॉक्टरांचा डोसही बहुधा त्यातच ठरतो. त्यामुळे कोणता आकडा धरायचा यात गल्लत झाली, तर डोस निम्म्याहून कमी होतो किंवा कित्येक पटींनी वाढतो.

शुद्ध कॅल्शियम हा चांदीसारखा दिसणारा धातू आहे. पाण्याशी संबंध येताच तो त्याच्याशी अभिक्रिया करतो आणि हायड्रोजन वायू बाहेर पडतो. असा धातू गोळीत भरता येत नाही. म्हणून दुसऱ्या घटकांशी जोडलेले, स्थिर झालेले कॅल्शियम वापरावे लागते. कॅल्शियम कार्बोनेट हे त्यातले सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक वापरले जाणारे रूप. चुनखडी आणि समुद्रातले शिंपले मुख्यतः याच पदार्थाचे बनलेले असतात.

या पदार्थात कॅल्शियमचा वाटा किती, हे शाळेतल्या रसायनशास्त्राने काढता येते. कॅल्शियमचे अणुवस्तुमान सुमारे ४०, कार्बनचे १२ आणि ऑक्सिजनचे १६. कॅल्शियम कार्बोनेटच्या रेणुसूत्रात कॅल्शियम आणि कार्बन यांचा प्रत्येकी एक अणू असतो आणि ऑक्सिजनचे तीन. म्हणजे ४० अधिक १२ अधिक ४८, एकूण १००. या १०० भागांपैकी ४० भाग कॅल्शियमचे. म्हणून १२५० मिलिग्रॅम कार्बोनेटमध्ये ४० टक्के, म्हणजेच ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम निघते. उरलेले ७५० मिलिग्रॅम ही भेसळ नव्हे, निरुपयोगी भरणही नव्हे. तो संयुगाचाच भाग असतो.

प्रत्येक संयुगात हे प्रमाण वेगळे असते. कॅल्शियम सायट्रेटच्या नेहमीच्या, स्फटिकजल असलेल्या रूपात कॅल्शियम सुमारे २१ टक्के असते, तर कॅल्शियम ग्लुकोनेटमध्ये जेमतेम ९ टक्के. मॅग्नेशियमचेही तसेच. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये २४ भाग मॅग्नेशियमला १६ भाग ऑक्सिजन असतो, म्हणून त्यात तब्बल ६० टक्के मॅग्नेशियम असते. ऑक्साइडच्या ४०० मिलिग्रॅमच्या गोळीतून सुमारे २४० मिलिग्रॅम मॅग्नेशियम मिळते. मॅग्नेशियम ग्लायसिनेटमध्ये मात्र हे प्रमाण साधारण १४ टक्क्यांवर येते. त्यामुळे ४०० मिलिग्रॅम ग्लायसिनेटमधून जेमतेम ५६ मिलिग्रॅम मॅग्नेशियम मिळते.

प्रत्यक्षात चूक कशी होते ते एका उदाहरणाने पाहू. पंचावन्न वर्षांच्या एका बाईंना आहारातून पुरेसे कॅल्शियम मिळत नाही, म्हणून डॉक्टरांनी रोज ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमची एक गोळी सांगितली आहे. त्या १२५० मिलिग्रॅम कार्बोनेटची गोळी घेतात, तोवर हिशेब बरोबर असतो. पुढे पोट गच्च होते, बद्धकोष्ठ होते, म्हणून त्या सायट्रेटची गोळी आणतात. डबीवर ‘कॅल्शियम सायट्रेट १००० मिलिग्रॅम’ एवढेच ठळक छापलेले असते. आकडा ५०० च्या दुप्पट दिसतो, म्हणून एक गोळी पुरेशी वाटते. पण १००० च्या २१ टक्के म्हणजे २१० मिलिग्रॅम. ठरलेल्या डोसच्या निम्मेही कॅल्शियम त्यातून मिळत नाही. ५०० मिलिग्रॅम मिळवायचे तर सायट्रेट सुमारे २४०० मिलिग्रॅम, म्हणजे अशा दोनहून अधिक गोळ्या लागतील. हाडांवर या कमतरतेचा परिणाम लगेच जाणवत नाही, म्हणून ही चूक महिनोन् महिने तशीच चालू राहू शकते.

लोहाच्या बाबतीत उलट दिशेची चूक अधिक धोक्याची असते. फेरस सल्फेटच्या स्फटिकजल असलेल्या रूपात लोह सुमारे २० टक्के, तर पाणी काढून टाकलेल्या सुक्या रूपात सुमारे ३० टक्के असते. म्हणजे ६० मिलिग्रॅम लोहासाठी पहिल्या रूपाचे ३०० मिलिग्रॅम लागतात आणि दुसऱ्याचे सुमारे २०० पुरतात. संयुगाचे नाव तेच असूनही वजने वेगळी येतात. म्हणूनच गरोदर स्त्रियांना सरकारी आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोह-फॉलिक आम्लाच्या गोळीची मात्रा ६० मिलिग्रॅम लोह अशी, मूलद्रव्यातच सांगितली जाते.

समजा, दहा किलो वजनाच्या मुलाला रोज ३० मिलिग्रॅम लोह द्यायचे आहे. स्फटिकजल असलेल्या फेरस सल्फेटच्या हिशेबात ते १५० मिलिग्रॅम होतात. चिठ्ठीवर हा १५० चा आकडा लिहिलेला असेल आणि घरातल्या बाटलीवर मात्रा लोहात छापलेली असेल, तर १५० मिलिग्रॅम लोह, म्हणजे पाचपट डोस दिला जाईल. दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅमच्या पुढे लोह गेले की विषबाधेची लक्षणे दिसू शकतात. इथे तो आकडा १५ वर पोचतो. मुलाने चुकून लोहाच्या गोळ्या गिळल्या, तर किती लोह पोटात गेले याचा हिशेब डॉक्टर मूलद्रव्यातच करतात. अशा वेळी बाटली किंवा पट्टी सोबत घेऊन तडक दवाखाना गाठावा.

मूलद्रव्याचा आकडा कळला तरी त्यातले सगळे रक्तात उतरते असे नाही. कॅल्शियम कार्बोनेट विरघळायला जठरातले आम्ल लागते, म्हणून ती गोळी जेवणासोबत घेतात. सायट्रेट रिकाम्या पोटीही चालते, त्यामुळे आम्लपित्तावरची औषधे दीर्घकाळ घेणाऱ्यांना ते अधिक सोयीचे पडते. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम घेतले तर शोषणाचे प्रमाण घटते. म्हणून १००० मिलिग्रॅमचा डोस दोन वेळांत विभागतात. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये मूलद्रव्य भरपूर असले, तरी ते पाण्यात फारसे विरघळत नाही आणि त्याचे शोषणही कमी होते. न शोषलेले मॅग्नेशियम आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब होतात. त्यामुळे जास्त टक्केवारीचे संयुग प्रत्येकासाठी सरस ठरतेच असे नाही.

लेबल वाचताना आधी संयुगाचे पूर्ण नाव पाहावे, मग ‘एलिमेंटल’ हा शब्द आणि त्यापुढचा आकडा शोधावा. ब्रँडच्या नावाला जोडलेला ठळक आकडा कधी संयुगाचा असतो, कधी मूलद्रव्याचा, म्हणून त्यावर विसंबू नये. हा आकडा एका गोळीचा आहे की दोन गोळ्यांच्या मात्रेचा, हेही तपासावे. अमेरिकेतल्या पूरक आहाराच्या डब्यांवर ‘कॅल्शियम’ असे लिहून कंसात ‘कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात’ अशी नोंद असते. तिथे छापलेला आकडा मूलद्रव्याचा असतो, त्याचे पुन्हा ४० टक्के काढायचे नसतात. लेबलवर मूलद्रव्याचा उल्लेखच नसेल, तर औषधविक्रेत्याकडून तो आकडा विचारून घ्यावा. ब्रँड बदलताना जुन्या आणि नव्या गोळीतले मूलद्रव्याचे आकडे जुळवून पाहावेत आणि गोळ्यांची संख्या डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्यावी.